आलेखावर अर्धायुकालाची खूण आहे, मग मधल्या दिवशी किती उरलं ते कसं काढायचं?

प्रश्न: मी बारावीला आहे. आयोडिन-131 चा आलेख दिलाय, त्यावर अर्धायुकाल 8 दिवस अशी खूण आहे. 16 दिवसांनी 25 टक्के आणि 24 दिवसांनी 12.5 टक्के उरतं हे कळलं. पण 20 दिवसांनी किती उरेल? मी दोन्हींच्या मधला आकडा 18.75 लिहिला, तर बाई म्हणाल्या 17.7 हवं. असं का? आणि 10 अर्धायुकालांनंतर शून्य धरलं तर चालतं का?

उत्तर:

बाईंचं बरोबर आहे. तुझी चूक मात्र अगदी नेहमीची. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात काम करते, हे आयोडिन रोजच्या हाताळणीतलं आहे, आणि नव्याने आलेली शिकाऊ मुलं पहिल्या आठवड्यात नेमकी हीच चूक करतात.

तू 25 आणि 12.5 यांची बेरीज करून निम्मी केलीस. म्हणजे त्या दोन बिंदूंमध्ये मनातल्या मनात पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीस. पण आलेख त्या रेघेवरून जात नाही, तिच्या खालून झोळीसारखा लोंबत जातो. या वक्राला एकच नियम माहीत आहे: सारख्या वेळात सारख्या पटीने कमी व्हायचं. 16 ते 20 हे 4 दिवस आणि 20 ते 24 हेही 4 दिवस. तेव्हा 25 ला ज्या संख्येने गुणून 20 व्या दिवसाचा आकडा येतो, त्याच संख्येने पुन्हा गुणल्यावर 12.5 आले पाहिजेत. दोनदा गुणून निम्मं करणारी संख्या म्हणजे 0.5 चं वर्गमूळ, 0.707. 25 गुणिले 0.707 म्हणजे 17.7. पुन्हा 0.707 ने गुण, 12.5 येतात. आता तुझे 18.75 तपासून बघ. 25 वरून 18.75 होताना पट 0.75 आहे, आणि 18.75 वरून 12.5 होताना 0.67. सारख्या वेळात पट बदलली, म्हणजे तो बिंदू वक्रावरचा नाहीच.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तरी तेच दिसतं. या 8 दिवसांत एकूण 12.5 टक्के जायचे आहेत. पहिल्या 4 दिवसांत 7.3 जातात आणि नंतरच्या 4 दिवसांत 5.2. सुरुवातीला माल जास्त असतो म्हणून जास्त जातो. मधल्या दिवसापर्यंत निम्म्याहून अधिक घट उरकलेली असते, म्हणून खरा आकडा सरासरीपेक्षा नेहमी कमीच येतो.

तोंडी हिशेबासाठी मी तीन आकडे डोक्यात ठेवते. पाव अर्धायुकाल गेला तर 0.84 उरतं, अर्धा गेला तर 0.71 आणि पाऊण गेला तर 0.59. आधी पूर्ण अर्धायुकाल मोजून तितक्या वेळा निम्मं करायचं, मग उरलेल्या तुकड्यासाठी यातला जवळचा आकडा घेऊन गुणायचं. 20 दिवस म्हणजे अडीच अर्धायुकाल: निम्मं, परत निम्मं, आणि गुणिले 0.71. कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर सूत्र आहेच:

```
N = N0 × (1/2)^(t/T)
```

इथे N0 म्हणजे सुरुवातीला होतं ते, N म्हणजे उरलेलं, t म्हणजे गेलेला वेळ आणि T म्हणजे अर्धायुकाल. घातांक पूर्णांकच हवा असं काही नाही, 2.5 चालतो, 0.4 चालतो. शाळेत पूर्ण पटींचीच गणितं घालतात, त्यामुळे हे सूत्र फक्त 8, 16, 24 लाच लागू आहे असं मुलांना वाटत राहतं.

माझ्या टेबलावर हा प्रश्न कोणत्या रूपात येतो ते सांगते. थायरॉइडच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आयोडिन-131 ची कॅप्सूल देतात. आपल्याकडे हे आयोडिन ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेतून रुग्णालयांना मिळतं. शिशाच्या जाड भांड्यात कॅप्सूल येते आणि सोबतच्या लेबलवर सक्रियतेचा, म्हणजे सेकंदाला किती अणू फुटतात त्याचा आकडा असतो. समज, त्यावर 100 मिलिक्युरी लिहिलंय, म्हणजे 3.7 गिगाबेकेरेल, आणि पुढे तारीख-वेळ दिलीय: सोमवार दुपारी 12. हा आकडा त्या क्षणाचा आहे, डबा उघडण्याच्या क्षणाचा नाही. लेबल वाचताना सगळ्यात आधी ही वेळ वाचायची असते आणि सगळ्यात जास्त विसरली जाते तीही हीच.

आता रुग्ण सोमवारी आलाच नाही. गाडी चुकली, ताप आला, काहीही. तो आला गुरुवारी संध्याकाळी 6 ला. गेलेला वेळ 3 दिवस 6 तास, म्हणजे 3.25 दिवस. अर्धायुकाल नेमका सांगायचा तर 8.02 दिवस, तेव्हा साधारण 0.4 अर्धायुकाल उलटला. माझ्या तीन आकड्यांत 0.25 ला 0.84 आणि 0.5 ला 0.71, म्हणजे 0.4 ला 0.76 च्या आसपास. सूत्राने 75.5 मिलिक्युरी येतात. डोस कॅलिब्रेटरमध्ये कॅप्सूल ठेवली की पडद्यावर याच्या आसपासचा आकडा दिसला पाहिजे. नाही दिसला तर एक तर वेळ चुकीची वाचलीय, नाहीतर यंत्रावर दुसऱ्याच समस्थानिकाचं बटण दाबलेलं आहे. दुसरं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

हाच हिशेब शिकाऊ मुलगा तुझ्या पद्धतीने करतो. 8 दिवसांत 50 जातात, म्हणजे सव्वातीन दिवसांत 20 जातील, उरले 80. खऱ्या आकड्यापेक्षा 4 मिलिक्युरीहून जास्त. परीक्षेत अर्धा गुण जाईल, इथे रुग्णाच्या कागदावर चुकीचा डोस लिहिला जातो.

गंमत म्हणजे आलेख शून्याच्या डावीकडेही तसाच चालू असतो. तीच कॅप्सूल रविवारी दुपारी 12 ला मोजली असती तर 109 मिलिक्युरी दिसले असते, कारण दिवसाला साधारण 8.3 टक्के घट होते आणि आपण एक दिवस मागे गेलो. लेबलवर पुढची तारीख असताना मोजमाप लेबलपेक्षा जास्त येतं, आणि ते पाहून नवीन माणूस यंत्रच बिघडलं म्हणतो.

इथवर अर्धायुकालाची खूण तुला आयती मिळाली होती. प्रात्यक्षिकात ती स्वतः करावी लागते, आणि खरा गोंधळ तिथे होतो. पुस्तकात सांगतात तसं उभ्या अक्षावर 50 पासून आडवी रेघ वक्रापर्यंत न्यायची आणि तिथून खाली उतरायचं. पद्धत बरोबर आहे, पण एकाच जागी केली तर अपुरी आहे. 80 पासून 40 पर्यंत जायला किती वेळ लागला तेही बघ. 60 पासून 30 पर्यंतही बघ. आयोडिनच्या खऱ्या आलेखावर 80 टक्के येतात 2.6 व्या दिवशी आणि 40 येतात 10.6 व्या दिवशी. अंतर तेच, 8 दिवस. कुठूनही सुरू केलं तरी निम्मं व्हायला तेवढाच वेळ लागला, तरच तो वक्र शुद्ध ऱ्हासाचा.

माझ्या आधीच्या नोकरीत एका शिकाऊ मुलाला आयोडिनचा अगदी कमी सक्रियतेचा नमुना दिला होता. त्याने रोज ठरल्या वेळी, ठरल्या अंतरावर जीएम काउंटर ठेवून मिनिटाचे काउंट घ्यायचे, दीड महिना. पहिल्या दिवशी 630 आले. वक्र काढला, 630 चे निम्मे 315 कुठे येतात ते पाहिलं आणि खूण केली 8.6 दिवसांवर. पुस्तकात 8.02, आपलं 8.6, सात टक्क्यांची चूक, प्रयोगात एवढं चालायचंच, असं म्हणून तो वही मिटत होता. मी म्हटलं, अजून दोन खुणा कर. 315 वरून 157 व्हायला 9.3 दिवस लागले होते. 157 वरून 79 व्हायला 11 दिवस. अर्धायुकाल लांबत चालला होता! आयोडिन काही दिवसेंदिवस आळशी होत नाही. मग हे काय?

त्या खोलीत नमुना नसतानाही काउंटर मिनिटाला 30 च्या आसपास काउंट दाखवायचा. भिंतीतल्या विटा, जमीन, अंतराळातून येणारे किरण यांचं ते बॅकग्राउंड. ते कधी निम्मं होत नाही. 630 मधले 600 आयोडिनचे होते आणि 30 खोलीचे. सुरुवातीला 600 पुढे 30 म्हणजे किस झाड की पत्ती, म्हणून पहिली खूण थोडीशीच सरकली. पण आयोडिन कमी होत गेलं तसतसा त्या 30 चा वाटा वाढत गेला. तिसऱ्या खुणेच्या वेळी, 79 मधले फक्त 49 आयोडिनचे होते. प्रत्येक आकड्यातून 30 वजा करून वक्र पुन्हा काढला, तेव्हा सगळ्या खुणा 8 दिवसांवर आल्या.

म्हणून सांगते, एकच खूण करून थांबलं तर ही चूक दिसतच नाही. पहिलीच्या पुढे दुसरी, तिसरी केली आणि अंतरं वाढत गेली, तर बॅकग्राउंड वजा करायचं राहिलंय किंवा नमुन्यात जास्त अर्धायुकालाचं दुसरं काहीतरी मिसळलंय. रुग्णाजवळ काउंटर धरून घेतलेल्या आकड्यांत अंतरं उलट बरीच आखूड येतात. शरीर लघवीवाटे आयोडिन बाहेर टाकत असतं, त्यामुळे तिथे दोन गळत्या एकदम चालू असतात. शरीर 2 दिवसांत निम्मं बाहेर टाकत असेल, तर दोन्ही मिळून निम्मं व्हायला 1.6 दिवसच पुरतात. त्या आलेखावरून आयोडिनचा अर्धायुकाल काढायला जाऊ नये.

वजाबाकीनेही सगळं सुटत नाही. 48 व्या दिवशी त्या मुलाला 39 काउंट मिळाले होते. 30 वजा केले, उरले 9. पण ऱ्हास ही सोडतीसारखी गोष्ट आहे, दर मिनिटाला आकडा थोडा वरखाली होतोच. साधारण अंदाज म्हणजे आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. 39 ला 6 चा फरक सहज पडतो. मग आयोडिनचे खरे काउंट 3 ही असू शकतात आणि 15 ही. शेवटच्या अशा दोन-चार बिंदूंना धरून वक्र वाकवत बसण्यात अर्थ नाही. एका मिनिटाऐवजी दहा मिनिटं मोजलं की 390 ला 20 चा फरक, म्हणजे मिनिटाला 39 ला 2 चा. वक्राचं शेपूट महत्त्वाचं असेल तर मोजायला वेळ द्यावा लागतो, दुसरा उपाय नाही.

आता 8.02 ऐवजी 8.6 धरलं तर बिघडलं कुठे, असं तुला वाटेल. 8 दिवसांपुरतं फार नाही. पण 80 दिवसांनी किती उरेल ते दोन्ही आकड्यांनी काढ. 8.02 ने 0.1 टक्का येतो, 8.6 ने जवळपास 0.16. सात टक्क्यांची चूक दीडपटीच्या पुढे गेली, कारण ती प्रत्येक निम्मं करण्यात पुन्हा पुन्हा गुणली गेली. 8 आणि 8.02 मधला फरक मात्र 80 दिवसांनीही दोन टक्क्यांच्या आतच राहतो, तेव्हा तुझ्या पेपरात 8 धर, निश्चिंत राहा.

पुढच्या काळाचा अंदाज काढायला साधा आलेख तसा गैरसोयीचाच आहे. 40 दिवसांनंतर वक्र आडव्या अक्षाला इतका चिकटतो की 3 टक्के आणि 1 टक्का यांतला फरक पेन्सिलीच्या जाडीत हरवतो. त्यासाठी सेमी-लॉग कागद घ्यायचा. त्याच्या उभ्या अक्षावर 100 ते 10 आणि 10 ते 1 या टप्प्यांना सारखीच उंची असते. तिथे सारख्या पटीची घट म्हणजे सारखी पायरी, म्हणून वक्राची सरळ रेघ होते. 0 दिवसाला 100 वर एक बिंदू, 8 दिवसांना 50 वर दुसरा, पट्टी ठेवून रेघ ओढ. 20 व्या दिवसापासून वर जाऊन रेघेला भीड आणि डावीकडे वाच, 17 ते 18 च्या मध्ये येशील. तुला सरळ रेघच हवी होती ना, ती या कागदावर मिळते. शंभराचे दहा व्हायला 26 ते 27 दिवस लागतात, दहाचा एक व्हायला तेवढेच. प्रयोगाचे बिंदू असतील तर सगळ्यांमधून एक रेघ जाऊ दे, म्हणजे अर्धायुकाल एखाद्याच बिंदूच्या भरवशावर राहत नाही. बॅकग्राउंड विसरलं असेल तर इथे ते डोळ्यांत भरतं: रेघ खाली येता येता वाकते आणि 30 च्या पातळीला जाऊन आडवी होते.

राहता राहिला 10 अर्धायुकालांचा प्रश्न. दहा वेळा निम्मं म्हणजे 1024 वा भाग, टक्क्याचा दहावा हिस्सा. किरणोत्सारी कचरा दहा अर्धायुकाल साठवून ठेवायचा हा आमच्याकडचा जुना ठोकताळा आहे. पण तो शून्याचा नियम नाही. किती उरलं हे किती होतं यावर ठरतं, आणि टक्केवारी ते लपवते. थायरॉइडच्या तपासणीसाठी 10 मायक्रोक्युरी, म्हणजे 0.37 मेगाबेकेरेल इतकंसं आयोडिन पुरतं. दहा अर्धायुकालांनंतर त्यातून सेकंदाला 360 च्या आसपास ऱ्हास होत असतात. तुझ्या माझ्या शरीरातल्या नैसर्गिक पोटॅशियम-40 चे सेकंदाला सुमारे 4000 होतात, तेव्हा याला शून्य म्हटलं तर कोणी भांडणार नाही. त्या 100 मिलिक्युरीच्या कॅप्सूलचा मात्र 80 दिवसांनीही सेकंदाला 36 लाख ऱ्हासांचा हिशेब लागतो. काउंटर जवळ नेला तर ओरडेल. म्हणून आम्ही दिवस भरले तरी मोजल्याशिवाय काही टाकत नाही.

साठवणीत आणखी एक खाच आहे. आयोडिनच्या रुग्णांची लघवी थेट गटारात न सोडता वेगळ्या टाकीत साठवतात, टाकी भरली की बंद करतात आणि दुसरी सुरू करतात. पहिल्या टाकीचे दिवस कधीपासून मोजायचे? ती भरायला सुरुवात झाली तेव्हापासून नाही. शेवटच्या रुग्णाचं आयोडिन तिच्यात पडलं त्या दिवसापासून. आधी पडलेलं तोवर बरंच कमी झालेलं असतं, पण शेवटचं ताजं असतं आणि त्याचं शून्य त्याच दिवशी लागतं. टाकी बंद केल्यापासून 60 दिवस ठेवली तर साडेसात अर्धायुकालांच्या जवळपास जातात, म्हणजे बंद करताना होतं त्याच्या अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त उरतं.

वक्र अक्षाला कधीच टेकत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं. गणितातल्या वक्राबद्दल ते खरं आहे, कॅप्सूलमध्ये मात्र अणू मोजके असतात. आयोडिन-131 च्या प्रत्येक अणूची पुढच्या सेकंदात फुटण्याची शक्यता दहा लाखांत एक, इतका गोळीबंद आकडा आहे. सेकंदाला 3.7 अब्ज अणू फुटायचे तर एकूण त्याच्या दहा लाख पट अणू हवेत, म्हणजे 3.7 गुणिले 10 चा 15 वा घात. ऐकायला प्रचंड, पण त्यांचं वजन भरतं मायक्रोग्रॅमच्या आठ दशांशाएवढं, एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून कमी. फुटलेला अणू नाहीसाही होत नाही, त्याचा स्थिर झेनॉन-131 होतो, म्हणून कॅप्सूल तराजूवर हलकी होताना कधी दिसणार नाही. आता ही अणूंची संख्या निम्मी करत जा. 52 वेळा केलीस की सरासरीने एकही अणू धड उरत नाही. 52 अर्धायुकाल म्हणजे साधारण 417 दिवस. त्या सुमाराला कॅप्सूलमध्ये आयोडिन-131 चा एखादा अणू असेल किंवा नसेल, आणि असला तर तो आज फुटेल की पुढच्या महिन्यात, हे आलेखावरून सांगता येत नाही.